पाऊण तास उशिरा सुटलेली गाडी

आठ डिसेंबरच्या सोमवारी सकाळी गोकुळनं कारखान्याच्या गेटवर कार्ड टेकवलं आणि लाल दिवा लागला. त्यानं कार्ड शर्टाला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल.

"मशीन बिघडलंय वाटतं," तो वॉचमनला म्हणाला.

वॉचमन रखमाजी, गोकुळच्याच डोंगरी गावाकडचा, बुटांकडं बघत होता. "मशीन बरं हाय, सायेब. तुमचं कार्ड बंद केलंय. आत ऑफिसात बोलावलंय तुमाला."

कळंबजवळचा हा टोमॅटो प्युरीचा कारखाना. गोकुळ तिथं चौदा वर्षं माल तपासत होता. वरून लालबुंद दिसणारा टोमॅटो आतून सडका आहे, हे तो नुसता दाबून सांगायचा. त्याच्या सेक्शनचं काम आता नाशिकच्या लॅबला दिलं होतं. ऑफिसातल्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला, मग कागद पुढं केला. सगळा प्रकार अकरा मिनिटांत आटोपला. डबा तसाच भरलेला घेऊन गोकुळ गेटबाहेर आला, तेव्हा रखमाजी हळूच म्हणाला, "पण सायेब, दिवाळीनंतर तुमाला प्रमोशन व्हतं ना? तुमीच तर सांगितलं व्हतं."

ते सांगितलं होतं, हीच तर पंचाईत होती. गोकुळ अख्ख्या कारखान्याचा फुकट ज्योतिषी होता. जेवणाच्या सुट्टीत लोक डबा आणि पत्रिका दोन्ही उघडायचे. कुणाची बदली कधी, कुणाचं लग्न कधी, सगळं तो लोणच्याच्या फोडीबरोबर सांगायचा. जन्मवेळेच्या बाबतीत मात्र भलताच कडक. "अंदाजे पाच-साडेपाच म्हणजे काय? हे काय ताकाचं माप आहे? आईला विचारून या!" असं म्हणून त्यानं भल्याभल्यांना परत पाठवलं होतं.

स्वतःच्या पत्रिकेची मात्र त्याला खात्री होती. पंच्याऐंशी सालचा जून, पहाटेची मुक्कामी एसटी गावातून सुटली तेव्हाचा जन्म. गाडी सहाची. म्हणजे सहा वाजता, वृषभ लग्न, त्या वेळी पूर्वेला उगवणारी रास. दहावं स्थान नोकरी-धंद्याचं. तिथं कुंभ रास, आणि तिचा मालक शनी हा त्याचा दशमेश. तो बसलाय तुळेत, उच्चीचा, आणि तेही सहाव्या, चाकरीच्या स्थानात. "माझी नोकरी म्हणजे आरसीसीचा कॉलम आहे," असं तो म्हणायचा. त्यात यंदा शनी मीनेत, म्हणजे अकराव्या लाभस्थानात फिरत होता. शुक्राच्या महादशेत ऑक्टोबरपासून गुरूची अंतर्दशा लागली होती, आणि गुरू लाभाचा मालक होऊन भाग्यात बसलेला. गुरू मकरेत नीच आहे, शिवाय आठव्याचाही मालक आहे, हे त्याला दिसत होतं. पण वक्री नीच ग्रह उच्चासारखी फळं देतो, असं कुठंसं वाचलेलं त्याला नेमकं सोयीच्या वेळी आठवलं होतं. रास मीन असल्यामुळं साडेसाती ऐन मध्यावर होती, ती त्यानं योगकारक, म्हणजे वृषभेला हमखास फळणाऱ्या शनीच्या भरवशावर माफ करून टाकली होती.

घरी आल्यावर तो तासभर चप्पल न काढता सोफ्यावर बसला. बायको प्रतिभानं कागद वाचला, दोनदा वाचला, आणि त्याच्या हातातला डबा काढून घेतला. "आधी जेवा," एवढंच म्हणाली. नोकरी गेल्याचा धक्का एकीकडं, आणि ती पत्रिकेत कुठंच दिसत नाही हा धक्का दुसरीकडं. यातला मोठा कोणता, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत त्यानं उत्तर शोधलं. शोधणाऱ्याला ते सापडतंच. शनी लाभात आहे, म्हणजे नुकसान होणं शक्यच नाही. तर मग ही नोकरी ग्रहांनी मुद्दाम काढून घेतली, धंद्यात ढकलण्यासाठी! त्यानं लगेच आळेफाट्याला खेमचंदशेठना फोन लावला.

खेमचंदशेठ आळेफाट्याचे जुने व्यापारी. आजोबा मारवाडातून आले, शेठ मात्र शिव्याही मराठीतूनच देतात. त्यांचा नाशिक रस्त्याला लागून मोठा गाळा होता. तिथं भागीत हॉटेल टाकू, जागा माझी आणि फंडाचा पैसा तुझा, असं ते गोकुळला दोन वर्षं म्हणत होते.

"आता कसा सरळ आलास!" शेठ म्हणाले. "शुक्रवारी ये, करार करून टाकू. का मुहूर्त लागतो तुला?"

"शुक्रवार चांगलाय शेठ. शुक्राचीच दशा चालू आहे माझी."

"मग ये. पण पत्रिका घेऊन येऊ नको. चेक घेऊन ये."

प्रतिभा स्वयंपाकघरातून ऐकत होती. "चौदा वर्षांचा फंड चार दिवसांत?"

"ग्रह सांगताहेत."

"ग्रहांनी कालपर्यंत प्रमोशन सांगितलं होतं," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

करार करण्याआधी आईला सांगायला हवं म्हणून बुधवारी तो घोडेगावात गाडी बदलून डोंगरातल्या आपल्या गावी गेला. ठमाबाई अंगणात वाल पाखडत बसली होती. त्यानं आडवळणानं सुरुवात केली. तिनं सूप खाली ठेवलं.

"काढलं का तुला?"

"तुला कसं कळलं?"

"बुधवारचा आलास. कामाच्या मानसाला बुधवार कुठला?"

गोकुळ तिच्याशेजारी टेकला. "पण आई, पत्रिकेत हे नाही गं. वेळ पक्की आहे माझी. मुक्कामी गाडी सुटली तेव्हाचा मी."

"तवाचाच. गाडी सुटली न् तुझं रडणं, संगंच. वड्याच्या वळणाला डायवरनं हारन वाजावला, सारजाबाई सुईण म्हनली, पोराला गाडीनं सलामी दिली."

"मग सहाच ना?"

"सा कुठलं, बाबा? गाडी थांबिवली व्हती की."

गोकुळनं मान वर केली. "कुणी?"

"तुझ्या बापानं. मी रातभर अडलेली. घोडेगावच्या दवाखान्यात न्यायाचं ठरलं, म्हनून त्यानं डायवरचं पाय धरलं. गाडी हुबी. मान्सं बसून. कंडाक्टर लई वरडत व्हता, पाऊन तास झाला राव, वर रिपोट जाईल माझा! मग तू झालास, लगीच सारजाबाईनं निरोप धाडला, जाऊ द्या गाडी. तवा सुटली."

"पाऊण तास?" त्यानं खिशातून मोबाइल काढला. "हे मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू इचारलंस कवा? साऱ्या गावाला इचारीत फिरतूस."

गोकुळला नीट आठवत होतं, सहाच्या वेळेला वृषभ लग्न अगदी शेवटच्या अंशावर येत होतं. दुसऱ्या कुणाची अशी काठावरची पत्रिका असती तर त्यानं ती हातात धरली नसती. दहा-पंधरा मिनिटांत लग्न बदलतं. इथं तर पाऊण तास.

त्यानं मोबाइलवर पावणेसात टाकले.

मिथुन लग्न.

सगळी घरं एकेक सरकली. दहाव्या स्थानात कुंभ जाऊन मीन आली. दशमेश आता शनी राहिलाच नाही, गुरू झाला. तोच मकरेतला नीच, वक्री गुरू, आणि मकर मिथुनेपासून आठवी. नोकरीचा मालक आठव्यात, जिथून अचानक घाव येतात त्या घरात. शनी, ज्याच्या जोरावर त्यानं कॉलम उभा केला होता, तो आता आठव्याचा मालक, आणि मार्चपासून नेमका दहाव्या स्थानातून चाललेला. तिथंच त्याचा जन्माचा चंद्र. म्हणजे माफ केलेली साडेसाती त्याच्या खुर्चीवरच बसली होती.

त्यानं दशा पाहिल्या. जन्म पाऊण तास पुढं गेल्यानं चंद्र जरासा पुढं सरकला होता, आणि सगळ्या दशा सहा-सात महिने अलीकडं आल्या होत्या. गुरूची अंतर्दशा ऑक्टोबरला नव्हे, मार्चमध्येच लागली होती. त्यात ऑगस्टपासून डिसेंबरअखेर आठव्याच्या मालकाची, शनीची विदशा, म्हणजे अंतर्दशेच्या आतली छोटी दशा. गोचरीचा, म्हणजे आत्ता आकाशात फिरणारा गुरू दिवाळीत कर्केत उच्चीला गेला होता, तेवढे दिवस कारखान्यात त्याचा उदोउदो चालला होता. पाच डिसेंबरला तो वक्री होऊन मागे मिथुनेत आला. शुक्रवार होता तो. सोमवारी कार्ड बंद.

"आयला," तो पुटपुटला. सगळं लिहिलेलं होतं. चौदा वर्षं तो चुकीच्या माणसाची पत्रिका वाचत होता.

मग त्याला शेठबरोबरच्या कराराचा शुक्रवार आठवला. भागीदारीचं घर सातवं. तिथं धनू, मालक पुन्हा तोच गुरू, आठव्यात पडलेला. महादशेचा शुक्र बाराव्याचा, खर्चाचाही मालक. शनी जून सत्तावीसपर्यंत दहाव्यातून हलणार नाही. अशा दिवसांत फंड उचलून भागीत हॉटेल म्हणजे नोकरीपाठोपाठ घरच भट्टीत घालणं.

ठमाबाई त्याच्याकडं बघत होती. "लई वंगाळ हाय का?"

त्यानं उगाच धीर देणारं काही शोधलं नाही. पत्रिकाच पुन्हा पाहिली. लग्नाचा मालक बुध लग्नातच, स्वतःच्या राशीत. मकरेत उच्चीचा होणारा मंगळही लग्नात, कर्केचा मालक चंद्र दहाव्या केंद्रात. म्हणजे गुरूचा नीचभंग होता. पडणं खरं, पण उठणंही होतं. त्यानं नोकरीवरून काढल्याचाच कागद उलटा केला आणि पाठीमागं लिहायला घेतलं.

अकरा मार्चपर्यंत गुरू वक्री, तोवर मोठी सही कुठंही नाही. जानेवारी ते मेच्या मध्यापर्यंत बुधाची विदशा, म्हणजे अर्ज, परीक्षा, ओळखी, मुलाखती. अन्नतपासणीचा राहिलेला कोर्स याच दिवसांत उरकायचा. मग थोडे दिवस केतू, त्यात हातात असेल ते सोडायचं नाही. दोन जूनला गुरू पुन्हा कर्केत उच्चीचा. तिथून त्याची पाचवी दृष्टी सहाव्यावर, चाकरीच्या घरावर, आणि नववी दहाव्यावर. एकतीस ऑक्टोबरपर्यंत. नोकरी धरायची ती त्या पाच महिन्यांत, आणि काम तपासणीचंच. आठव्यातला दशमेश दुसऱ्याची सडकी बाजू शोधणारा. चौदा वर्षं त्यानं दुसरं केलं तरी काय होतं? पगार आधीपेक्षा कमी असेल, शनी आहे. तोवर खर्च निम्मा, फंडाला हात नाही.

शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. फंडाला हात नाही, हे प्रतिभा ग्रहांशिवायच म्हणाली होती.

अंगणातूनच त्यानं शेठना फोन लावला. "शेठ, शुक्रवारचं रद्द."

"का? शुक्र कुठं गेला?"

"शुक्र जागेवरच आहे. मीच पाऊण तास उशिरा जन्मलो."

पलीकडं शेठनी समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग ते म्हणाले, "गोकुळ, नोकरी गेल्यावर माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो हे मी ऐकलं होतं. दोन दिवसांत होतो हे माहीत नव्हतं." जरा थांबून म्हणाले, "बरं, ऐक. गाळा मी दुसऱ्याला देतो, वाट बघणार नाही. पण जानेवारीपासून माझ्याकडं मसाल्याचा माल येतो, त्यात भेसळ असते. आठवड्यातून तीन दिवस येऊन बघशील? पगार फार नाही देणार."

"फार नकोच," गोकुळ म्हणाला. शेठला वाटलं, पोरगं खरंच हातचं गेलं.

दुपारची गाडी घेऊन तो निघाला. फाट्यावर ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं तसं त्यानं घड्याळ पाहिलं, मग कंडक्टरला विचारलं, "भाऊ, गाडी वेळेवर आहे का?"

"दहा मिनिटं लेट. का हो? कुठं गाठायचंय?"

गोकुळ खिडकीकडं वळला. गेल्या चौदा वर्षांत गाडीच्या वेळेवरून त्यानं ज्यांच्या पत्रिका मांडल्या होत्या, ती डोंगरातली नावं तो बोटांवर मोजत होता. सातव्या नावाला तो थांबला, आणि त्यानं पहिला नंबर फिरवला. तो रखमाजीचा होता.

"रखमाजी, तुझी आई आहे का घरी? फोन दे तिला. आणि घाबरू नकोस. घाबरायचं की नाही, ते ती सांगेल."