दोन तिरप्या रेघा

पनवेलच्या आमच्या शाखेत तेव्हा मॅनेजरला एजंट म्हणत. आमचे एजंटसाहेब मॅट्रिक. बँकवाल्यांच्या संस्थेची असोसिएट परीक्षा म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले, असं त्यांचं ठाम मत होतं. मी मात्र लेजर क्लार्क म्हणून लागलो आणि वर्षभरातच परीक्षेचा फॉर्म भरला. कारण साधं होतं. आम्ही मिठागरवाले. घरात पहिला पगार माझाच, आणि मला आयुष्यभर क्लार्क राहायचं नव्हतं.

पहिल्या खेपेला मी आपटलो, तेही बँकिंगच्या पेपरात, जो मला तोंडपाठ आहे असं वाटत होतं. क्रॉस केलेला चेक घेऊन माणूस खिडकीवर आला तर काय कराल, असा प्रश्न होता. आमच्या शाखेत करायचे तेच मी झोकात लिहून आलो. माणूस ओळखीचा असेल तर एजंटना विचारून रोख द्यावी! निकालानंतर पुस्तक उघडलं आणि कपाळावर हात मारला. चेकवर दोन तिरप्या रेघा असल्या की खिडकीवर रोख द्यायचीच नसते. रक्कम खात्यातच जमा व्हायला हवी. भलत्याच्या हातात गेली तर खऱ्या मालकाला बँकेने भरून द्यायची. शाखेतली रीत मी कायदा समजून बसलो होतो. मला माझीच चीड आली.

पुढच्या खेपेला एसटीने मुंबईला जाऊन पेपर दिले आणि पहिला भाग सुटला. नंतर दुसराही. दोन्ही वेळा पगारवाढ मिळाली, कारण ती बँक नोकरांच्या पगाराबद्दलच्या सरकारी निवाड्यात लिहिलेली होती. निकालाचा कागद हेड ऑफिसला गेला की ती द्यावीच लागे. कुणाच्या मर्जीचा प्रश्न नव्हता. बढतीचं तसं नव्हतं. तिथे परीक्षेला वजन होतं, पण एजंटच्या गोपनीय अहवालाला त्याहून जास्त.

हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्या दुपारी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं कुणी म्हणू नये.

साहेबांच्या रोजच्या बैठकीतला एक भाताचा व्यापारी क्रॉस केलेला चेक घेऊन आला. त्याला रोख हवी होती. लेजर माझ्याकडे, त्यामुळे माझ्या सहीशिवाय चेक पुढे जात नसे.

"शेठ, खात्यात भरा," मी म्हणालो.

शेठ हसले आणि आत गेले. साहेब स्वतः बाहेर आले. "काय झालं? देऊन टाका."

"साहेब, लेखी द्या. देतो."

हेडक्लार्कनी पान उलटायचं सोडून दिलं. साहेबांचा चेहरा लाल झाला, पण लेखी काही आलं नाही. शेठना खात्यात भरावं लागलं. आत परत जाताना साहेब एवढंच म्हणाले, "दोन पुस्तकं वाचली म्हणजे माणूस बँकर होत नाही."

मला तेव्हा आनंद झाला, हे लपवत नाही.

त्या साली मी ऑफिसरच्या बढतीसाठी अर्ज केला. मुंबईला मुलाखत झाली. तिघे बसले होते. मधल्याने माझा अहवाल समोर ओढला.

"तुमचे एजंट लिहितात, तुम्ही हुकूम मोडता. खरं आहे?"

"एकदाच मोडला," म्हणून मी सगळं सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कायदा त्यांनाही माहीत होता.

"तरी, एजंटचा मान राखून काही मार्ग काढता आला असता. पुन्हा असा प्रसंग आला तर?"

काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. नमतं घ्यायचं, पुढे सांभाळीन म्हणायचं.

"पुन्हा मोडेन, साहेब."

यादी आली, त्यात माझं नाव नव्हतं. परीक्षा न दिलेला, माझ्यामागून लागलेला एकजण ऑफिसर झाला. घरी आलो. वाईट वाटलं. मोठं मन वगैरे काही दाखवता आलं नाही. आई ओट्यावर मासळी साफ करत होती. तिला सगळं सांगितलं.

"नाव नाय आला? मंग परत भर," ती मान वर न करता म्हणाली. "अवकाली पाऊस परला म्हून आमी मिठागर सोरलाव का कदी?"

पुढच्या वर्षी अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. तो त्यांच्याच शेऱ्यानिशी वर जायचा. त्यांनी चष्मा काढला.

"पुन्हा? मी काय लिहिणार ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तुम्ही दरवर्षी लिहा, साहेब. मी दरवर्षी भरीन."