मारलेल्या जंतूंचा उपास

देवपूरच्या दवाखान्यात आईला धीर द्यायला पारस म्हणाला, “घाबरू नको, लशीतले फ्लूचे जंतू आधीच मारलेले असतात.” इथेच घोळ झाला. त्याची आई सुगनबाई जैन, जीवहत्या नको म्हणून पाणीसुद्धा गाळून पिणाऱ्या. त्यांनी वर केलेली बाही खाली ओढली. “कोणी मारले? माझ्यासाठी?”

आमवातासाठी त्या दोन वर्षं स्टेरॉइड घेत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “या गोळ्यांनी तुमची प्रतिकारशक्ती दबलीय. फ्लू छातीत उतरला तर जिवावर बेतेल. नाकात मारायची लस जिवंत जंतूंची, ती तुम्हाला चालत नाही. हे इंजेक्शन चालतं. घरच्यांनीही घ्या.”

सुगनबाईंनी विचार केला. “घेते. पण उद्या प्रायश्चित्ताचा उपास.”

“गोळी उपाशीपोटी नको, आणि मनाने बंदही करायची नाही,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

“मग ज्याने मला सांगितलं, तो करेल उपास,” म्हणत त्यांनी दंड पुढे केला. पारसने “करतो” म्हटलं आणि स्वतःही टोचून घेतलं.

याला तीन आठवडे झाले. सुगनबाई ठणठणीत आहेत. रोज सकाळी त्या विचारतात, “आज उपास का रे?”

पारस तोंडातली कचोरी गिळतो आणि म्हणतो, “उद्या नक्की.”