बाजाराच्या दिवशीची बैठक

दैवशालाबाईंचा राग बोरीत सगळ्यांच्या ओळखीचा. एसटीच्या कंडक्टरपासून पंचायत समितीच्या साहेबापर्यंत बहुतेकांनी तो चाखलेला. त्यांचा नवरा गोपाळ तर चारचौघांत सांगतो, की आमच्या घरी मिरची विकत आणावी लागत न्हाई. पण त्या आठवड्यात आलेला राग वेगळा होता. तो काढायला समोर माणसं पुष्कळ होती, पण जरा खोल पाहिलं की त्यात एक माणूस त्या स्वतःच निघत होत्या. आणि स्वतःवर चिडायची बाईंना मुळीच सवय नव्हती.

काम त्यांचं असं. भागातल्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांनी मिळून काढलेली एक कंपनी आहे. गावोगाव एकेक पशुसखी. ती दारोदार जाऊन शेळ्यांना जंताचं औषध पाजते, खूर कापते, लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांसोबत फिरते. अशा नऊ पशुसखींच्या मुकादम म्हणजे दैवशालाबाई. कागदावर हुद्दा 'समन्वयक' असा आहे, पण मुकादम म्हटलेलं त्यांना जास्त आवडतं. बसस्टँडच्या मागे भाड्याच्या दोन खोल्या, त्यात एक फ्रीज, एक कपाट, आणि दर आठवड्याला तिथं सगळ्यांची बैठक. दिवस बाजाराचा, वेळ दुपारी बाराची.

ही वेळ बाईंनीच बसवलेली होती, आणि फार विचार करून बसवलेली होती. बाईमाणसाला घराबाहेर पडायला कारण लागतं, आणि बाजार हे असं कारण आहे की त्याला सासूसुद्धा आडवी येत नाही. वस्तीवरून त्या दिवशी जीप सुटते. सासरा मोटारसायकलवर पुढं असतो, सून मागं बसते. तो कोंबड्यांच्या भावात गुंतला की ती तासभर बैठकीला येऊन, औषधं घेऊन, भाजीची पिशवी भरून परत. कुणाला काही विचारायला नको, कुणाला काही पटवायला नको. बाई स्वतःसुद्धा अशाच बाहेर पडल्या होत्या, डोक्यावर मेथीची पाटी घेऊन. त्या पाटीनं त्यांना जे दिलं ते कुठल्याच प्रशिक्षणानं दिलं नाही, असं त्या मानतात.

कंपनीच्या परभणीच्या ऑफिसात नवे मॅनेजर आले, हरिओम सर. पोरगा वाईट नव्हता. 'ताई' म्हणायचा, चहा पाजायचा. पण पुण्याच्या वरच्या ऑफिसातल्या लोकांनी दर सोमवारी अकराला फोनवर आढावा घ्यायचं ठरवलं आणि त्याआधी किती शेळ्यांना औषध पाजलं, किती दगावल्या, असे सगळ्या गावांचे आकडे हवेत म्हणून त्यानं बैठक सोमवारी सकाळी नऊला नेली. बाईंनी फोनवर सांगून पाहिलं. सोमवारी नऊला बाया रानात निघालेल्या असतात, शेळ्या सुटायच्या असतात, जीप नसते. सर म्हणाले, ताई, वरून ठरलंय, पहिले काही दिवस त्रास होतो, मग सवय होते. आणि सूचना त्यांनी स्वतःच लिहून पाठवली: 'सर्वांच्या सोयीसाठी साप्ताहिक बैठक यापुढे दर सोमवारी सकाळी ९ वाजता घेण्यात येईल. कृपया सहकार्य करावे.' एवढी फक्त ग्रुपवर टाका, म्हणाले.

सर्वांच्या सोयीसाठी! ते दोन शब्द वाचून बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि त्या आगीतच त्यांनी चूक केली. घ्या तुमची सोय, म्हणून त्यांनी सूचना होती तशी उचलली आणि ग्रुपवर आदळली. दोन ओळी स्वतःच्या लिहिल्या नाहीत, की कुणाला आधी फोन केला नाही.

पहिला होकाराचा अंगठा आला पशुसखी राजेश्रीच्या नंबरवरून. मग आणखी चार. लगेच केवळाबाईंचा फोन आला. त्या सगळ्यांत वयानं मोठ्या, तोंडानंही मोठ्या. त्यांनी विचारलं, की तुला खुर्ची भेटली म्हणून आमाला उन्हात बसवायलीस का. तानुबाईंनी तर सांगून टाकलं, की माझ्या वस्तीवर सोमवारी गाडी येत न्हाई, तूच ये न्यायला. बाईंनीही दोघींना सोडलं नाही. माझ्या हातात असतं तर बदललं असतं का, म्हणून अशा कडाडल्या की गोपाळ जेवणाचं ताट घेऊन अंगणात जाऊन बसला.

त्यानंतरच्या बाजाराला बाया नेहमीसारख्या बाराला आल्या, पण भांडायला. दोन खोल्यांत आवाज मावेना. बाई एकीला उत्तर देत होत्या, दुसरीकडे औषधाच्या बाटल्या मोजून देत होत्या, आणि मध्येच त्यांच्या लक्षात आलं की राजेश्री आलेली नाही. ती कधी चुकत नसे. सगळ्यांत लहान, सगळ्यांत गप्प. पण तिच्या वस्तीवरची करडं औंदा मेली नव्हती, आणि ते तिच्यामुळं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"तिचाच तर पहिला अंगठा आला," बाई म्हणाल्या. "तिला सोमवार चालतो, म्हणून आज आली नसंल."

केवळाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तिचा अंगठा? अगं, फोन तिच्या सासऱ्याच्या खिशात असतोय. लेकीबाळींचे फोन कुणाच्या हातात असतात, ते तुला कामून सांगावं लागायलंय?"

बाईंना ते सांगावं लागत नव्हतं. त्यांना ते पुरतं माहीत होतं. नऊपैकी पाच जणींचे फोन घरचे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी हातातले. आणि अंगठे आले होते तेही पाचच. सूचना त्यांनी बायकांना दिलीच नव्हती. त्यांच्या घरांना दिली होती.

बैठक तशीच टाकून बाई जीपला लटकल्या आणि राजेश्रीच्या वस्तीवर गेल्या. सासरा बन्सीधर लिंबाखाली बाजेवर बसला होता. माणूस सभ्य. उठून उभा राहिला, बसा म्हणाला, आत पाणी सांगितलं. आज बाजाराला गेला नाहीत का, म्हणून बाईंनी विचारलं. पोरगा गेला, तो म्हणाला, एकटाच.

"आणि राजेश्री?"

"तिचं काय काम आता बाजारात?" बन्सीधरनं खिशातून फोन काढला आणि शांतपणे सूचना पुढं धरली. "तुमची बैठक सोमवारी गेली. सोमवारी रानात माणसं असतात, सैपाक कोण करंल? तिला कोण सोडंल तिकडं? बगा, तुमीच लिवलंय. सर्वांच्या सोयीसाठी. आमची बी सोय झाली."

बाईंचा हात शिवशिवला. एवढा गोड बोलणारा, एवढा बिनतोड माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि संताप याचा, की कागदावर तो बरोबर होता. त्याच्या हातात बाईंनीच तर लाठी दिली होती.

राजेश्री पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो ठेवला, आत गेली, आणि औषधाची पिशवी घेऊन परत आली. कातर, बाटल्या, सगळं पुसून नीट भरलेलं. ती पिशवी तिनं बाईंच्या पायाशी ठेवली. डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, बाई नंतर गोपाळला म्हणाल्या.

"ताई, तुमी मला आधी सांगायचं होतं," राजेश्री हळूच म्हणाली. "मी काय तरी निमित्त काढलं असतं. त्याह्यलाच आधी कळलं."

बाईंनी पाणी प्यायलं नाही. पिशवीही उचलली नाही. "ही हितंच राहील," एवढं बन्सीधरला म्हणाल्या आणि चालू लागल्या.

रस्त्यावर येऊन त्यांनी हरिओम सरांना फोन लावला. सर म्हणाले, पण ताई, पाच जणींनी होकार दिलाय, मी तसं वर कळवलंयसुद्धा. मग बाईंनी जो आवाज काढला तो शेजारच्या कापसात वेचणी करणाऱ्या बायकांनी मान वर करून ऐकला. ते अंगठे बायकांचे नाहीत, बाई म्हणाल्या, सासऱ्यांचे आणि नवऱ्यांचे आहेत. तुम्हाला सोमवारी आकडे पाहिजेत ना, तर आकडे देते, माणसं देणार नाही. सोमवारी नऊला मी एकेकीला फोन लावीन, दहापर्यंत तुमच्या हातात सगळं. बैठक बाजारालाच होईल. सर म्हणाले, वर मी काय सांगू? बाई म्हणाल्या, माझं नाव सांगा, आणि माझं काय करायचं ते त्यांना करू द्या. शेवटी सर म्हणाले, एक महिना बघू, पण आकडे चुकले तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. बाईंनी वाचवायला सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी ग्रुप उघडला. या वेळी लिहिलं नाही, बोलल्या. आणि बायकांशी नाही बोलल्या.

"मामा, दादा, भाऊ, तुमी ऐकायलाव हे मला ठाऊक हाय, म्हणून तुमालाच सांगायले. सोमवारची सूचना मी टाकली होती, ती चुकली. ती मी माघारी घेतली. बैठक बाजाराच्याच दिवशी, बाराला, पहिल्यासारखी. जिला बैठकीला यायचंय तिनं यावं, आणि जिला घरचे आडवतील तिच्या घरी मी स्वतः येईन. सोमवारी नऊला मी फोन लावीन. फोन जिचा हाय तिच्याच हातात द्यावा. आकडा ती सांगंल. दुसऱ्या कुणाचा मी लिवून घेणार न्हाई."

या वेळी कुणाचा अंगठा आला नाही. केवळाबाईंनी तेवढं एक वाक्य बोलून पाठवलं, की आता कशी जाग्यावर आली.

सोमवारी नऊला बाई बसस्टँडमागच्या खोलीत एकट्या बसल्या. केवळाबाईंचे आकडे आले, तानुबाईंचे आले, बाकीच्यांचे आले. एका घरी नवऱ्यानं फोन दिला तो रागानं, पण दिला. राजेश्रीचा नंबर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

बन्सीधरनं उचलला. "बोला. मी सांगतो काय असंल ते."

"तुमच्याकडं न्हाई काम, मामा. राजेश्रीकडं हाय."

"ती भाकरी करायली."

"होऊ द्या भाकरी," बाई म्हणाल्या. "मी थांबते."

त्यानं फोन कापलाही नाही आणि दिलाही नाही. एक करडू ओरडत होतं. भांड्याचा आवाज आला. भिंतीवरचं घड्याळ दहाकडे सरकत होतं आणि परभणीहून सरांचा फोन मध्ये मध्ये वाजून बंद पडत होता. बाई कानाला फोन लावून तशाच बसल्या. आयुष्यात इतका वेळ त्या गप्प कधी बसल्या नव्हत्या.

मग चालत आलेल्या पावलांचा आवाज झाला. पिठाच्या हातानं धरलेला फोन दोनदा निसटला.

"बोला ताई," राजेश्री म्हणाली. आणि मग घरात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "आकडा सांगते, आणि बाजाराला येते. पिशवी हितंच हाय."