पश्चात तीन मुली

नांदुऱ्याच्या फलाटावर मला सोडायला दोन माणसं आली होती आणि दोघं एकमेकांपासून अंतर राखून उभी होती. एका बाकाशी माझे बाबा, धुतलेल्या धोतरात. पलीकडच्या बाकाशी सर, माझी जड बॅग पायाशी घेऊन. मी नर्सच्या नोकरीवर आयर्लंडला निघाले होते. बाबा म्हणाले, "तब्येतीले जप, पोरी." सरांनी खिडकीशी येऊन मला पासपोर्टची पिशवी पुन्हा उघडायला लावली, आत सगळं आहे ना ते बघितलं आणि मागे सरकले. गाडी सुटली तेव्हा मी नेमका कोणाकडे बघून हात हलवला, ते आजही मला सांगता यायचं नाही.

आमचं गाव जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. शाळा सातवीपर्यंत. सर तिथे इंग्रजी शिकवायचे. त्यांची बदली नांदुऱ्याला झाली तेव्हा ते बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार हाये. माह्या घरी राहू द्या." सर बौद्ध, आम्ही गावातले मोठ्या वावराचे कुणबी. बाबा हो म्हणाले, हे त्या काळात मोठंच धाडस होतं. पण धाडसाला त्यांनी एक झाकण लावलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कोनी इचारलं तं होस्टेलात राह्यते म्हन."

बारावीपर्यंत मी त्या होस्टेलात राहिले. म्हणजे सरांच्या पत्नीच्या, काकूंच्या हातच्या कळण्याच्या भाकरी खाल्ल्या, सरांच्या प्रज्ञा आणि सुजाता या दोन मुलींच्या मधे झोपले, त्यांच्या मुलाच्या, राहुलच्या खोड्या सोसल्या. तापाने फणफणले तेव्हा काकूंनी मला मांडीवर घेतलं. आणि सुट्टीत गावी गेले की बायकांना मेसच्या जेवणाच्या तक्रारी सांगायचे. इतक्या सराईतपणे की पुढे कॉर्क शहरात, जिथे कुणाला कुणबी माहीत नव्हते आणि बौद्धही, तिथेही कुणी विचारलं की तोंडातून 'होस्टेल' हाच शब्द निघायचा.

तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे ओळखीचं असेल. आपण घर सोडतो तेव्हा सामानात काय घ्यायचं ते ठरवतो. काय खोटं बरोबर आलंय, ते कुणी तपासत नाही.

यंदा सर गेले. दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसले होते, तेव्हा सरांच्या पुतण्याचा, मिलिंदचा, मेसेज आला. खाली शोकसंदेशाचा मजकूर होता. 'कालकथित' या शब्दाने सुरू होणारा, जसा बौद्ध घरांत लिहितात. 'स्वर्गवासी' नाही, कारण स्वर्ग त्यांनी कधी मानलाच नाही. मग सरांचं नाव आणि पुढे, 'सेवानिवृत्त शिक्षक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते अत्यंत मनमिळाऊ व विद्यार्थिप्रिय होते. त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, तीन मुली, सून, जावई, नातवंडे असा मोठा आप्तपरिवार आहे.' मग अंत्ययात्रा राहत्या घरून किती वाजता, आणि जलदानविधी व पुण्यानुमोदनाचा दिवस. मिलिंदने लिहिलं होतं, "ताई, इंग्रजी करून दे. आत्याची नातवंडं लेस्टरले, राहुलदादाचे पोरं कॅनडात, त्याईले मराठी वाचता येत नाही."

रडू आवरायला काम बरं असतं. मी बसून इंग्रजी करायला घेतलं. 'स्वर्गाची वाट धरली' छापाचं वाक्य इंग्रजीतही सर्रास वापरतात, ते मी ठामपणे टाळलं. 'अल्पशा आजाराने' सोपं होतं. 'जलदानविधी' तसाच ठेवला आणि पुढे एका ओळीत सांगितलं की हा दिवंगतांच्या स्मरणार्थ बौद्ध पद्धतीचा विधी आहे, त्यात भिक्खू वंदना घेतात. 'राहत्या घरून' याला मात्र इंग्रजी घर सापडेना. ते वाचणाऱ्या नातवंडांनी घरून निघणारी अंत्ययात्रा कधी पाहिलीच नव्हती.

मग 'पश्चात' आलं. मराठीत तिथे नुसती संख्या पुरते. इंग्रजी शोकसंदेशात एकेक नाव लिहितात, शेजारी गाव. प्रज्ञा, अकोला. सुजाता, पुणे. आणि तिसरी? मी पुन्हा वाचलं, तीन मुली. मिलिंदची घाई मला लहानपणापासून माहीत होती. या पोराने काकाच्या मुलीही नीट मोजल्या नाहीत, असं वाटून चक्क चिडले. इंग्रजीत दोन केल्या. शहाणपणाने वर लिहिलंही, 'मराठीत चूक झालीय, तीन नाही, दोन. पेपरला जायच्या आत दुरुस्त कर.' मिलिंदने तो निरोप वाचल्याचं दिसलं. इंग्रजी संदेश त्याने लगेच घरच्या ग्रुपवर टाकला आणि तो लेस्टरपासून टोरांटोपर्यंत पोचला. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. आवाज बसलेला.

"मिलिंद सांगून राह्यला, तू पेपरात दोन छापाले सांगतलं म्हने?"

"हो काकू, चुकून तीन झालं होतं."

"चुकून नाही वं. म्याच सांगतलं त्याले. सरच म्हनत, आपल्याले तीन पोरी. तू तं नर्स झाली, तुले मोजता नाही येत?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. शोकसंदेशात नाव नाही म्हणून भांडणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. मोजलेली असताना स्वतःला खोडून टाकणारी मीच. आणि तेही त्यांनीच शिकवलेल्या इंग्रजीने.

"काकू, मी लगेच दुसरा पाठवते."

"धाड. पन लोकं एकदाच वाचतात, बाई," काकू म्हणाल्या. रागाने नाही, थकून. "पेपरात तीनच येईन. थे म्या बदलू देल्लं नाही."

मी दुरुस्त केलेला संदेश पाठवला. दोन नावांपुढे माझं लिहिलं, शेजारी 'कॉर्क'. तोच मजकूर आमच्या गावाकडच्या ग्रुपवरही टाकला, मराठीसकट, जिथे बाबा आहेत, भाऊ आहे, आणि होस्टेलची मेस अजून आठवणाऱ्या काकवा आहेत. तिकडून बाबांनी एवढंच लिहिलं, 'सर देवमाणूस होते.' होस्टेलबद्दल एक अक्षर नाही. त्यांना दोष देऊन मी सुटणार नाही. त्यांनी ते खोटं मला चार-पाच वर्षांसाठी दिलं होतं, मी ते विमानात चढवलं.

घर म्हणजे काय, असं इकडे आमच्या मराठी मंडळात बायका दर दिवाळीला बोलतात. अंगण, चूल, आई. मीही बोलायचे. आता वाटतं, घर म्हणजे जिथे तुम्हाला न विचारता मोजतात ते. मला ते मिळालं होतं आणि मी त्याचं नाव कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेस्टरहून आत्यांचा फोन आला. सरांची थोरली बहीण. चाळीसेक वर्षं तिकडे, पण बोली जशीच्या तशी. मला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"थो दुसरा कागद आला त्याच्यात तुहं नाव हाये. तू कोन वं?"

"सरांची तिसरी मुलगी," मी म्हणाले. मोठ्याने हे पहिल्यांदाच म्हणत होते.

आत्या म्हणाल्या, "हाव, भाऊ सांगे. मंग पहिल्या कागदातून तुहं नाव कोनं काढलं? असं करनारं मानूस आपल्यात कोन हाये?"

"म्याच काढलं, आत्या."