पट्टीबाईंची रजा

पर्यवेक्षिका म्हणजे दुसऱ्यांच्या रजेने जिचं डोकं उठतं ती बाई. प्रार्थना चालू असताना कुणाचा तरी मेसेज येतो, 'ताप आहे, येत नाही.' मग मी बदली तासांचा तक्ता घेऊन स्टाफरूममध्ये शिरले, की सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या आठवतात.

म्हणून गणिताच्या बाईंचा अर्ज हातात आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. मुलं त्यांना पट्टीबाई म्हणतात, कारण पट्टीशिवाय मारलेली रेघ त्या रेघ मानत नाहीत. आणि गेले काही दिवस त्यांना सरळ रेघच वाकडी दिसत होती. डॉक्टरांच्या दाखल्यात लिहिलं होतं, उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र आहे, शस्त्रक्रिया लवकर करावी, उशीर झाला तर नजर परत येण्याची शक्यता कमी. सोबत कामाच्या वाटणीचं पान होतं. नववीची भूमिती माझ्याकडे, दहावी नव्या सरांकडे. धडा कुठे थांबला, पुढे काय घ्यायचं, कोणतं मूल कशात अडतं, सगळं. नव्या सरांची संमतीची सहीसुद्धा आधीच घेतलेली. मी मुकाट्याने माझी सही केली.

"घरी कोण बघणार?" मी विचारलं.

"सासूबाई आहेत ना. ऑपरेशननंतर काही दिवस मान खाली घालून राहायचंय. त्या म्हणाल्या, चला, कधी नव्हे ते सून मान खाली घालणार!"

आम्ही दोघी हसलो, पण भीती त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती.

अर्ज घेऊन आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. ते मात्र हसले नाहीत. माणूस वाईट नाही, पण चाचणीचे मार्क वेळेवर गेले नाहीत तर वरून फोन त्यांनाच येतो. "बाई, परीक्षेनंतर करा ना ऑपरेशन. दहावीचे पेपर अर्धेच तपासलेत. उरलेले दुसऱ्याने तपासले, की पालक माझ्या टेबलावर. याला सैल हाताने मार्क, त्याला आखडत्या हाताने, असं म्हणतील."

"तसं होणार नाही, सर." बाईंनी सोबत आणलेला पेपरांचा गठ्ठा उघडला. "मी एकेक पेपर संपवत नाही. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. तिसऱ्यापर्यंत सगळ्यांचे झालेत. चौथ्यापासून सगळ्यांचे नवे सर तपासतील. एका प्रश्नाला एकच हात. कोणत्या पायरीला किती मार्क, तेही लिहून दिलंय."

इतकी वर्षं शाळेत काढून हे मला सुचलं नव्हतं, याचा मला रागच आला.

मुख्याध्यापक हट्टाला पेटले. त्यांनी गठ्ठ्यातला एक पेपर काढून नव्या सरांना बोलावलं. नोकरी अजून कायम नसलेला पोरगेला माणूस, दारातच घामाघूम. दोघांनी चौथा प्रश्न वेगवेगळा तपासायचा, मार्क पेपरवर न लिहिता आपापल्या चिठ्ठीवर लिहायचे. बाईंनी तीन दिले. नव्या सरांनी चार.

"बघा!" मुख्याध्यापकांनी टेबलावर हात आपटला. "म्हणून म्हणतो, थोडे दिवस कळ काढा."

नवे सर पुटपुटले, "माझंच चुकलं असेल, सर."

झालं, मी मनात म्हटलं, बाईंचा डोळा गेला या एका मार्कापायी. बाईंनी पेपर ओढून घेतला. वाचला. मग उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून पुन्हा वाचला.

"नव्या सरांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या ओळीत पोरीने वजाचं चिन्ह दिलंय. बारीक आहे, पण दिलंय. मला ते दिसलंच नाही. मी तिचा एक मार्क कापला."

त्या सारवासारव करत बसल्या नाहीत. दुसरं कुणी असतं तर पोरीच्या अक्षराला नावं ठेवली असती. मी तर नक्कीच ठेवली असती.

मुख्याध्यापकांनी अर्ज पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "जा बाई. आधी डोळा."

"थांबा सर, सही करू नका." बाईंनी अर्ज परत घेतला आणि वाटणीच्या पानावर एक ओळ वाढवली. लिहिताना ओळ वाकडी गेली, पण त्यांनी पट्टी मागितली नाही. 'मी तपासलेले पहिले तीन प्रश्नही सर्व पेपरांत नव्या सरांनी पुन्हा तपासावेत.'

नवे सर बावरले. "बाई, तुम्ही दिलेले मार्क मी बदलू?"

"चुकले असतील तिथे बदला. आणि बदललेल्या मार्काशेजारी तुमची सही करा, म्हणजे मुलांना कळेल कुणी तपासलं."

मग त्यांनी आपलं लाल पेन गठ्ठ्यावर ठेवलं आणि गठ्ठा दोन्ही हातांनी नव्या सरांकडे सरकवला.