चार डबे आणि राखाडी बुरशी

कृषी महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी मॅडमनी फळ्यावर रोगाचा त्रिकोण काढला. एका कोपऱ्यात बळी पडणारं पीक, दुसऱ्यात बुरशी, तिसऱ्यात तिला मानवणारं हवामान. "तिन्ही जुळले तरच रोग. सिद्ध करून दाखवा," म्हणाल्या.

सांगलीत विश्रामबागच्या आमच्या खोलीत आम्ही तिघी. एकीच्या बाबांची पाचगणीजवळ स्ट्रॉबेरी होती, त्यांनी नुकतीच पेटी धाडलेली. मॅडमकडून बंद बशीत राखाडी बुरशी आणली, फळं धुतली आणि चार डबे मांडले. पहिल्यात बुरशीचे बीजाणू लावलेली ओली फळं, झाकण गच्च. दुसऱ्यात बीजाणू कोरड्या ब्रशने लावलेली कोरडी फळं, झाकण न लावता पंख्याखाली. तिसऱ्यात ओली फळं, बीजाणू नाहीत, झाकण गच्च. चौथ्यात, गच्च झाकणाखाली, बीजाणू लावलेला ओला स्टीलचा चमचा!

पहिल्या दिवशी काहीच नाही. पेटीवाली मैत्रीण रडवेली झाली, तेव्हा मी मॅडमसारखा आवाज काढून म्हटलं, "आत काम चालू आहे, बाई. बीजाणू फळावर बसला, त्याला अंकुर फुटला, साल भेदून आत शिरला. आता पसरतोय. दिसत नाही म्हणून नाही असं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या डब्यात तपकिरी मऊ डाग. चौथ्या दिवशी त्यावर राखाडी लव, म्हणजे नवे बीजाणू, पुढच्या फळावर उडायला तयार! आम्ही पलंगावर उड्या मारल्या. फळ कुजल्याचा इतका आनंद कुणाला झाला नसेल. दुसऱ्या डब्यातली फळं नुसती सुकलेली. चमचा लख्ख.

पण तिसऱ्या डब्यातही दोन फळांवर तीच लव होती. बुरशी न लावताच रोग! त्रिकोण मोडला! उड्या जागच्या जागी थांबल्या.

तेवढ्यात पेटीवाल्या मैत्रिणीचे बाबा, कामानिमित्त सांगलीत आलेले, खोलीवर आले. आपली फळं नासलेली बघून त्यांनी काय चाललंय विचारलं, आम्ही प्रयोग सांगितला. मग तिसरा डबा हातात घेऊन देठाजवळ बघितलं.

"तुमी न्हाई लावली व्हय हितं?"

"न्हाई ओ काका, शप्पथ!"

"आगं, फुलोऱ्यात लय धुकं पडलं हुतं. तवाच फुलातनं आत शिरली ही. फळ कच्चं हाय तवर गप बसती, पिकलं की उठती. धुऊन कुठं जाती?"

म्हणजे बुरशी होतीच, आम्हालाच माहीत नव्हती! त्रिकोण शाबूत होता. आम्ही असा काही ओरडा केला की घरमालकीणबाई वर आल्या. काका हसता हसता भिंतीला टेकले.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आमच्या तक्त्यात तिसऱ्या डब्यापुढे लाल शाईने लिहिलं, 'सुप्त संसर्ग', आणि म्हणाल्या, "हे मी तुम्हाला पुढच्या वर्षी शिकवणार होते."