निम्म्यांचं कोटेशन

निम्मे हे त्यांचं आडनाव नव्हे. समोरच्याने कुठलाही भाव सांगितला की ते "निम्मे" म्हणत आणि तिथून बोलणं सुरू करत. वायरवाला, टेम्पोवाला, न्हावी, कुणाचीच सुटका नव्हती. पुढे पुढे दुकानदार त्यांना येताना बघून आधीच भाव दुप्पट सांगत. निम्मे तो निम्म्यावर आणत आणि खुशीत घरी जात. दुकानदारही खुशीत असे.

मी त्यांच्या लिफ्ट दुरुस्तीच्या फर्ममध्ये मेकॅनिक होतो. आता काम सोडलंय, पण चहाला जातो. कामात मात्र त्यांना निम्मं चालत नसे. लिफ्टचे दोर बदलले की प्रत्येक दोराचा ताण स्वतः हाताने बघत. एक जरी सैल लागला तरी पुन्हा वर चढायला लावत. त्या बाबतीत माणसाला नाव ठेवायला जागा नव्हती.

ऑफिस म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. भिंतीला जुनी कंट्रोल पॅनल टेकवलेली, कोपऱ्यात ग्रीसचा डबा, मधे टेबल. टेबलावर सूनबाईंचा लॅपटॉप. हिशेब, फोन, तक्रारी, सगळं त्याच बघत. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे धंदा सासरा आणि सून मिळून चालवत होते.

धंद्याचा कणा म्हणजे हॉस्पिटलचा करार. तिथल्या सगळ्या लिफ्ट आमच्याकडे. हा करार गेला तर दोन मेकॅनिकना घरी बसवावं लागणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आणि त्या वर्षी तो जायच्या बेतात होता. हॉस्पिटलच्या मॅडमनी सांगितलं, "लिफ्ट बंद पडली की तुमचा माणूस कुठवर आलाय ते माझ्या नर्सना फोनवर दिसलं पाहिजे. मोठी कंपनी ॲप देतेय. तुम्ही महिनाअखेर निदान नमुना दाखवा, नाहीतर माझा नाइलाज आहे."

सूनबाईंनी एक प्रोग्रामर गाठला. तो म्हणाला, "कोड मी लिहीन, पण स्क्रीन आधी डिझायनरकडून काढून आणा. मी काढले तर तुम्हीच मला शिव्या द्याल." मग सूनबाईंनी इंटरनेटवर एका डिझायनर बाईचं काम बघितलं. स्वतंत्र काम करणारी, घरून. एका दवाखान्याच्या ॲपचे स्क्रीन तिने केले होते. ओळखपाळख काही नाही. सूनबाईंनी मेल लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचला.

"आम्ही लिफ्ट देखभालीची छोटी फर्म आहोत. तुम्ही केलेलं दवाखान्याचं ॲप बघितलं, त्यातली तक्रार नोंदवायची पद्धत आवडली. आम्हाला चौदा स्क्रीन हवे आहेत. पाच ग्राहकासाठी, पाच मेकॅनिकसाठी, चार मालकासाठी. यादी सोबत जोडली आहे. हवं ते असं: सर्व स्क्रीनची फिग्मा या डिझाइनच्या प्रोग्राममधली मूळ फाइल, दाबून बघता येईल असा नमुना, आयकॉन वेगळे काढून, आणि दोन वेळा बदल. कोडिंग नको, ते दुसरीकडे दिलं आहे. नमुना महिनाअखेर लागेल. आमचं बजेट ऐंशी हजार आहे. कृपया कोटेशन पाठवा."

"थांब," निम्मे म्हणाले. "आकडा का सांगतेस?"

"बाबा, सांगावा लागतो. नाहीतर उत्तरच येत नाही."

"दुकानात शिरताना कुणी पाकीट उघडून दाखवतं का?"

"हे दुकान नाही."

"विकणारी आहे ना? मग दुकानच." ते माझ्याकडे वळले. "काय रे, बरोबर की नाही?"

मी चहा पीत होतो. मी चहाच प्यायलो.

"आकडा घालायचाच असेल तर चाळीस घाल," निम्मे म्हणाले. "ती सव्वाशे म्हणेल. आपण ऐंशीला आणू. तिलाही बरं वाटेल, आपल्यालाही."

"आणि ती काही म्हणालीच नाही तर?"

"विकणारा माणूस काही म्हणत नाही असं कधी झालंय?"

मालक ते. सूनबाईंनी ऐंशी खोडून चाळीस केले आणि मेल सोडला. निम्मे हात चोळत म्हणाले, "आता बघ."

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. निम्मे खुर्ची ओढून बसले. असं बसताना मी त्यांना फक्त क्रिकेटच्या वेळी बघितलं होतं.

डिझायनरने लिहिलं होतं, "सविस्तर मेलबद्दल आभार. बजेट आणि यादी दोन्ही असल्यामुळे लगेच उत्तर देता आलं. चाळीस हजारांत चौदा स्क्रीन नीट होणार नाहीत, कारण माहिती नसताना, चूक झाल्यावर आणि 'थांबा' म्हणताना प्रत्येक स्क्रीन कसा दिसेल, ती रूपंही काढावी लागतात. त्यामुळे तुमच्या बजेटमध्ये बसतील असे सात सुचवते. ग्राहकाचे पाच आणि मेकॅनिकचे दोन. मालकाचे चारही स्क्रीन सध्या वगळले आहेत, ते काम कागदावरही चालू शकेल. मेकॅनिक कुठे आहे ही नोंद तुमच्या ऑफिसमधून हाताने करता येईल. निम्मी रक्कम आधी. कोटेशन या शुक्रवारपर्यंत वैध, नंतर त्या तारखा दुसऱ्या कामाला द्याव्या लागतील."

निम्म्यांनी मान पुढे करून लॅपटॉप वरपासून खालपर्यंत बघितला.

"सव्वाशे कुठे आहेत?" निम्म्यांनी विचारलं.

"नाहीत," सूनबाई म्हणाल्या.

"मागितले कसे नाहीत?"

"तुम्ही चाळीस म्हणालात. तिने मान्य केलं."

"अगं पण मी खरं थोडंच बोललो होतो."

"ते तिला कसं कळणार?"

निम्म्यांना सगळ्यात जास्त लागलं ते मालकाच्या चार स्क्रीनचं. कुठली लिफ्ट किती वेळा बंद पडली, कुठल्या मेकॅनिकला किती वेळ लागला, सगळं एका नजरेत, ही त्यांची हौस. तीच बाईने सगळ्यात आधी छाटली, आणि तेही सभ्य भाषेत.

सूनबाईंना वेगळंच लागलं होतं. "ऑफिसमधून हाताने नोंद म्हणजे मी. मेकॅनिक निघाला, वाटेत आहे, पोचला, दर वेळी मी टाकायचं. मग हिशेब कोण करणार? पोरांना शाळेतून कोण आणणार? आणि मी जरा उशीर केला की हॉस्पिटलला वाटणार मेकॅनिक निघालाच नाही. मग ॲपचा उपयोग काय?"

निम्म्यांनी चष्मा पुसला.

"लिही," ते म्हणाले. "आमच्या व्यवस्थापन मंडळाच्या बैठकीत फेरविचार होऊन बजेट साठ हजार करण्यात आलं आहे."

"मंडळ कुठलं?"

"हे काय." त्यांनी आम्हा तिघांभोवती बोट फिरवलं. मी कप खाली ठेवला. मंडळावर नेमणूक झाल्यावर चहा पीत बसणं बरं दिसत नाही.

"बाबा, सरळ ऐंशी सांगा ना."

"एकदम ऐंशीवर उडी मारली तर तिला काय वाटेल?"

"खरं वाटेल."

साठच गेले. संध्याकाळी उत्तर आलं. मंडळाचे आभार मानले होते. साठ हजारांत दहा स्क्रीन होतील, मेकॅनिकचे पाचही घेता येतील. मालकाचे चार अजूनही बाहेर. यादी जोडली होती, प्रत्येक स्क्रीनपुढे काय काय मिळेल ते लिहून. घासाघीस करायला हाताला लागेल असं एक वाक्य त्यात नव्हतं.

"ही बाई भांडत का नाही?" निम्मे म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

आता हॉस्पिटलला दाखवण्यापुरतं काम दहात भागत होतं. निम्म्यांनी ठरवलं असतं तर तिथेच थांबता आलं असतं, वीस हजार वाचले असते. मला वाटलं थांबतील. पण त्यांनी यादी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "मालकाला दिसलं नाही तर मेकॅनिकला उशीर का झाला ते कळणार कसं? आणि ते कळलं नाही तर हॉस्पिटल आज नाही तर सहा महिन्यांनी जाणारच. अर्धवट काम आहे हे." अर्धवट हा शब्द त्यांच्या तोंडून मी लिफ्टच्या शाफ्टमध्ये लटकताना पुष्कळदा ऐकला होता. ऑफिसात पहिल्यांदाच ऐकला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी कोटेशनखालचा नंबर लावला. स्पीकरवर.

"मी लिफ्टवाला बोलतोय. तुमचं कोटेशन आलंय."

"हो, बोला काका."

"तुम्ही काही मागतच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चाळीस म्हटलं तर चाळीसचं देता, साठ म्हटलं तर साठचं. माणसाने आपली किंमत सांगावी की."

"काका, तुम्ही आधीच सांगितलीत ना. मला रोज मेल येतात, 'चांगलं काम करून द्या, पैशांचं बघू'. त्यांना मी उत्तरही देत नाही. तुमचा आकडा होता म्हणून तर दिलं. आकडा सांगणारा माणूस खरं बोलतो असं मी धरून चालते."

निम्म्यांनी सूनबाईंकडे बघितलं. सूनबाईंनी पॅनलकडे बघितलं.

"ऐंशी आहेत," ते शेवटी म्हणाले. दात काढून द्यावा तसे. "पहिल्यापासून ऐंशीच होते."

मग ती म्हणाली, "बरं. मग चौदाच्या चौदा करू. शहात्तर होतील."

"किती?"

"शहात्तर. एकदम केले तर मालकाच्या स्क्रीनमध्ये बरेचसे भाग पुन्हा वापरता येतात. ऐंशी लागत नाहीत. सुधारून पाठवते."

निम्म्यांनी फोन ठेवला.

"मी न मागता तिने कमी केले," ते म्हणाले.

"चांगलंच झालं की," मी म्हटलं.

"काहीतरी गडबड आहे. कामात मारणार ती."

मारलं नाही. ॲडव्हान्स त्याच दिवशी गेला आणि नमुना महिना संपायच्या आत आला. हॉस्पिटलच्या मॅडमनी फोनवर तक्रारीचं बटण दाबलं, "मेकॅनिक निघाला" असं आलं, आणि त्यांनी दाराकडे बघितलं. निम्म्यांनी सांगितलं की हा नुसता नमुना आहे, आत्ता कुणी निघालेलं नाही. मॅडम हसल्या. मग मालकाचा स्क्रीन उघडला. कुठल्या लिफ्टला किती वेळ लागला, ते सगळं तिथे होतं. "हे मलाही दिसेल का?" त्यांनी विचारलं. निम्मे जरा घुटमळले, मग म्हणाले, "दिसेल." करार वर्षभरासाठी पुढे गेला.

दोन्ही वेळचे बदल निम्म्यांनी मालकाच्या स्क्रीनवरच संपवले. एकदा रंग, एकदा आकड्यांचा आकार. आता त्यांना तिसरा बदल हवा होता. वेळेचा आकडा डावीकडे. डिझायनरने कळवलं, तिसऱ्या बदलाला वेगळे दोन हजार. सूनबाईंनी वाचून दाखवलं आणि हात कीबोर्डवर ठेवून थांबल्या.

निम्म्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आकडा उजवीकडेही वाईट दिसत नाही असं म्हणून ते हॉस्पिटलचे दोर तपासायला निघून गेले.